थायलंडमध्ये पासपोर्ट हरवला तर: चौकीत काय बोलायचं आणि पुढे काय करायचं

प्रश्न: पुढच्या महिन्यात आईबाबांना घेऊन फुकेत आणि बँकॉकला जातोय, टूर कंपनीबरोबर नाही, आमचं आम्हीच. तिकडे पासपोर्ट हरवला तर पोलीस स्टेशनमध्ये थाई भाषेत काय सांगायचं? कुणी मोजकी वाक्यं देवनागरीत लिहून देईल का? आणि आधी पोलीस, आधी एम्बसी की आधी एअरलाइन, हा क्रम पण सांगा प्लीज.

उत्तर:

मी बरीच वर्षं टूर मॅनेजर म्हणून थायलंडला ग्रुप घेऊन जातो, त्यामुळे हे प्रकरण चांगलंच ओळखीचं आहे. वाक्यं देतोच, पण त्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. पोलिसांनी तुमचा पासपोर्ट शोधून द्यावा यासाठी तुम्ही चौकीत जात नाही आहात, तुम्ही जाताय एका कागदासाठी. त्या कागदाला थाईत ‘बाय चॅंग-ख्वाम’ म्हणतात, म्हणजे आपल्याकडची तक्रार नोंदवल्याची पावती समजा. हा कागद असेल तर एम्बसी पुढे हलते, एम्बसीचं पत्र आणि हा कागद असेल तर थाई इमिग्रेशन हलतं, आणि तेव्हाच तुम्हाला विमानात बसता येतं. म्हणून क्रम असा: पोलीस, मग भारतीय एम्बसी, मग इमिग्रेशन, मग एअरपोर्ट. एअरलाइनला फोन फक्त तिकीट पुढे ढकलायचं असेल तर.

आता उच्चारांबद्दल थोडं, कारण यात आपण मराठी माणसं खरंच नशीबवान आहोत. थाईमध्ये क आणि ख, त आणि थ, प आणि फ हे वेगवेगळे आवाज आहेत आणि ते आपल्या तोंडात आधीपासूनच आहेत. फक्त फ म्हणताना दात ओठावर टेकवू नका, आजी ‘फळ’ म्हणायची तसा दोन ओठांचा फ म्हणा. च येईल तिथे चिमणीचा च, चमच्याचा नाही. ‘छू’ आणि ‘मुअ’ मधला उ मात्र देवनागरीत नीट बसत नाही, तो ओठ गोल न करता, हसताना ओठ जसे ताणले जातात तसे ठेवून म्हणायचा. थाईमध्ये सूरही महत्त्वाचे असतात पण चौकीत संदर्भ समोर असतो, हातात पासपोर्टची झेरॉक्स असते, त्यामुळे सूर चुकला तरी अर्थ पोचतो. एकाच शब्दाचा सूर घोटून घ्या, तो म्हणजे ‘हाय’, हरवणे. तो खालून वर चढवत म्हणायचा, आपण आश्चर्याने ‘काऽय?’ विचारतो तसा.

वाक्याच्या शेवटी पुरुषांनी ‘ख्रप’ लावायचं आणि बायकांनी ‘खा’, तोही तोकडा, लांबवायचा नाही. हे नुसतं सौजन्य म्हणून सांगत नाहीये, ते न लावता बोललं की वाक्य हुकूम केल्यासारखं वाटतं आणि समोरचा ड्यूटीवरचा माणूस बंद होतो. आई बोलणार असतील तर मी खाली जिथे ‘ख्रप’ लिहिलंय तिथे त्यांनी ‘खा’ म्हणायचं.

आत शिरल्यावर हात जोडून ‘सवत्दी ख्रप’. मग मुख्य वाक्य: ‘फासपॉट हाय ख्रप’, पासपोर्ट हरवलाय. एवढंच पुरतं. पूर्ण वाक्य हवं असेल तर पुरुषांनी ‘फोम थम फासपॉट हाय ख्रप’ आणि बायकांनी ‘छन थम फासपॉट हाय खा’, माझ्याकडून पासपोर्ट हरवला. आणि लगेच त्याला जोडून ‘खॉ चॅंग-ख्वाम ख्रप’, मला तक्रार नोंदवायचीय. ही दोन वाक्यं सलग म्हटली की पुढचं काम त्यांना कळतं, तुम्हाला बाकावर बसवतात आणि कोणाला तरी बोलावतात. ‘रॉ सक ख्रू’ म्हणाले तर थोडं थांबा.

इंग्लिश बोलणारं कुणी आहे का हे विचारायला ‘मी खोन फूत अंग-क्रित माय ख्रप’. फुकेत, पट्टाया, बँकॉकच्या टुरिस्ट भागात बहुतेक वेळा कुणीतरी असतं, लहान गावात नसतं. नसेल तर 1155 लावा, हा टुरिस्ट पोलिसांचा नंबर आहे, चोवीस तास चालतो आणि इंग्लिशमध्ये बोलतात. फोन स्पीकरवर टाकून समोरच्या अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवला की ते दोघं आपापसात थाईत बोलून घेतात, मी हे बऱ्याच वेळा केलंय. टुरिस्ट पोलिसांना थाईत ‘तमरुअत थोंग-थिआव’ म्हणतात. रस्त्यावर चौकी विचारायची असेल तर ‘सथानी तमरुअत यू थी नाय ख्रप’.

एक शब्द जपून वापरा. फ्रेजबुकात ‘मदत करा’ म्हणून ‘छुअय दुअय’ दिलेलं असतं, ते जीवावर बेतलं की ओरडायचं असतं, बुडतोय, आग लागलीय, कुणी मारतंय अशा वेळी. चौकीत साधी मदत मागायची तर ‘छुअय नॉय ख्रप’.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग, इथे लोक नकळत स्वतःचं काम वाढवून घेतात. हरवला म्हणजे ‘हाय’, चोरीला गेला म्हणजे ‘दोन खमोय’. आपल्याला सवय असते, पर्स उघडून पाहिली, पासपोर्ट नाही, की पहिलं वाक्य ‘चोरीला गेला’. पण चोरी म्हटलं की तो गुन्हा झाला, मग तपास करणारा अधिकारी बसतो, कुठे, किती वाजता, कोणावर संशय, बॅग कुठे होती, सीसीटीव्ही कुठला, असा सविस्तर जबाब होतो आणि त्यात अर्धा दिवस सहज जातो. हरवला म्हटलं की ती रोजच्या नोंदवहीतली एक नोंद असते, तुलनेने पटकन होते. याचा अर्थ चोरी लपवा असं अजिबात नाही. बॅग डोळ्यांदेखत हिसकावली असेल, पाकीट आणि फोनसुद्धा गेला असेल, तर ‘खमोय’ च म्हणा, कारण इन्शुरन्सवाले बाकीच्या सामानाच्या क्लेमला चोरीची नोंद मागू शकतात. पण काय झालं हे तुम्हाला माहीतच नसेल तर खरं उत्तर ‘हाय’ हेच आहे. पोलिसांना ‘माय नॅ-चाय’, नक्की माहीत नाही, असं सांगितलेलं चालतं, खोटं काहीतरी ठोकून देऊ नका, नंतर एम्बसीत वेगळं सांगितलं की घोटाळा होतो.

प्रश्न साधारण चार येतात. ‘हाय थी नाय’, कुठे हरवला. उत्तर: बोटीवर असेल तर ‘बोन रुअ’, बाजारात ‘थी तलात’, बीचवर ‘थी छाय-हात’, हॉटेलात ‘थी रोंग-रॅम’. ‘मुअ-राय’, कधी. उत्तर: आज ‘वन नी’, काल ‘मुअ-वान’. ‘छू अराय’, नाव काय. आणि ‘रोंग-रॅम अराय’, हॉटेल कुठलं. भारतीय आहे सांगायला ‘खोन इन-दिआ’. नाव, नंबर, तारखा तोंडी सांगायच्याच नाहीत, झेरॉक्स पुढे सरकवायची.

समजायला सोपं जावं म्हणून एक खरं प्रकरण सांगतो. आमच्या ग्रुपमधल्या एका काकांचा पासपोर्ट फुकेतला गेला. मंगळवारी फी फी बेटांची बोट ट्रिप, रात्री पातोंगच्या हॉटेलवर येऊन बघतात तर कमरेच्या पाऊचमध्ये पासपोर्ट नाही. पहिला तास आम्ही चौकीत गेलो नाही, शोधण्यात घालवला आणि तुम्हीही तेच करा: हॉटेलच्या रिसेप्शनला चेक-इनला दिलेला परत घेतला होता का, रूममधली तिजोरी, बोटवाल्याच्या ऑफिसला फोन, आणि कुणी स्कूटर भाड्याने घेतली असेल तर तिकडे तारण म्हणून तर ठेवला नाही ना. तारण म्हणून पासपोर्ट कधीच देऊ नका हे जाता जाता सांगून ठेवतो.

सापडला नाही. मग झोपण्याआधी दोन कामं केली. एक, काकांच्या मेलमधून पासपोर्टची पहिली आणि शेवटची अशी दोन्ही पानं काढली, शेवटचं पान लोक विसरतात पण त्यावरच आईवडिलांचं नाव आणि पत्ता असतो. सोबत थायलंडच्या ऑनलाइन अरायव्हल कार्डची पावतीही काढली, ती मे 2025 पासून सगळ्यांना भरावी लागते आणि त्यात पासपोर्ट नंबर आणि तुम्ही देशात कधी शिरलात हे दोन्ही असतं. ही सगळी कागदं हॉटेलात प्रिंट केली. दोन, रिसेप्शनवरच्या मुलीला सांगून एका चिठ्ठीवर थाईत लिहून घेतलं, हे भारतीय पाहुणे आमच्या हॉटेलात उतरलेत, पासपोर्ट हरवलाय, कुठे आणि कधी, आणि इंग्लिशमध्येही रिपोर्ट मिळाला तर बरं होईल. या चिठ्ठीने चौकीतलं निम्मं काम केलं. तुम्हीही हे नक्की करा, थाई वाक्यं पाठ असली तरी चिठ्ठी घ्याच.

बुधवारी सकाळी पातोंग पोलीस स्टेशन. इथे एक गोष्ट परिस्थितीवर अवलंबून असते, ती म्हणजे कुठल्या चौकीत जायचं. नियमाने जिथे हरवला त्या हद्दीची चौकी. पण बोटीवर हरवला, जेट्टीवर की टॅक्सीत, हेच नक्की नसेल तर जिथे हरवल्याचं लक्षात आलं तिथल्या चौकीत नोंद करून घेतात, असा माझा अनुभव आहे. काही ठिकाणी दुसरीकडे जा म्हणतात, तर वाद घालू नका, 1155 ला विचारा, ते बरोबर जागा सांगतात.

नोंद झाल्यावर अधिकारी म्हणाले ‘सेन त्रोंग नी’, इथे सही करा. कागद पूर्ण थाईत. अशा वेळी गप सही करायची नाही. म्हणायचं, ‘आन फासा थाय माय ऑक ख्रप’, मला थाई वाचता येत नाही. मग ते काय लिहिलंय ते समजावतात किंवा कुणाला तरी बोलावतात. तुम्हाला थाई वाचता आलं नाही तरी तीन गोष्टी तपासता येतात. पासपोर्ट नंबर, सुरुवातीचं अक्षर आणि पुढचे सात आकडे, झेरॉक्सशी एकेक करून जुळवा. नाव इंग्लिश स्पेलिंगमध्येही लिहिलंय का बघा, नुसतं थाई लिपीत असेल तर इंग्लिश स्पेलिंग घालायला सांगा, कारण ‘क्षीरसागर’ किंवा ‘ज्ञानेश्वर’ थाईत जाऊन परत इंग्लिशमध्ये आलं की ओळखू येत नाही. आणि तिसरं, शिक्का आणि अधिकाऱ्याची सही. काकांच्या कागदावर नंबरातले दोन आकडे उलटसुलट झाले होते. ‘लेक फासपॉट फित ख्रप, छुअय कॅ नॉय ख्रप’, पासपोर्ट नंबर चुकलाय, जरा दुरुस्त करा, असं म्हणून बोटाने दाखवलं आणि त्यांनी लगेच नवीन प्रिंट काढून दिली. नाव चुकलं असेल तर ‘छू फित’. हीच चूक बँकॉकला एम्बसीच्या खिडकीवर कळली असती तर दुरुस्तीसाठी परत फुकेत गाठावं लागलं असतं, साडेआठशे किलोमीटर.

निघताना ‘खॉ सम-नाव दुअय ख्रप’, याची कॉपी पण द्या. शिक्का नसेल तर ‘खॉ त्रा-प्रथप दुअय ख्रप’. आणि इंग्लिश रिपोर्टसाठी ‘खॉ बाय चॅंग-ख्वाम फासा अंग-क्रित ख्रप’. इंग्लिश मिळेलच असं नाही, टुरिस्ट भागात मिळतो, नाहीतर थाई कागद घ्या, एम्बसीत थाई वाचणारा स्टाफ असतो आणि इमिग्रेशनला तर थाईच हवा असतो. इंग्लिशची गरज मुख्यतः इन्शुरन्सला आणि भारतात आल्यावर लागते. तारखेत 2568 किंवा 2569 असं साल दिसलं तर घाबरू नका, थायलंडमध्ये बुद्ध संवत वापरतात, त्यातून 543 वजा केले की आपलं साल येतं. इन्शुरन्सला कागद पाठवताना हे एका ओळीत लिहून द्या, नाहीतर ते तारीख चुकीची म्हणून क्लेम अडवतात.

पुढचा टप्पा एम्बसी. भारतीय एम्बसी बँकॉकला सुखुमवित सोई 23 वर आहे, चियांग माईला कॉन्सुलेट आहे. फुकेतहून बँकॉकला डोमेस्टिक विमानाने जायचं तर ओळखपत्र लागतं, पोलीस रिपोर्ट आणि पासपोर्टची कॉपी दाखवून सोडतील का हे प्रत्येक एअरलाइनचं वेगळं असतं, म्हणून एअरपोर्टला जाण्याआधी फोन करून विचारा. आम्ही धोका घेतला नाही, काकांना आणि त्यांच्या मुलाला रात्रीच्या बसने पाठवलं, साधारण बारा तास लागतात, गुरुवारी सकाळी ते बँकॉकला होते.

टुरिस्टला एम्बसीतून सहसा नवीन पासपोर्ट घेत बसायची गरज नसते, इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळतं. ते एकदाच आणि फक्त भारतात परतण्यासाठी चालतं. म्हणून परतीचं तिकीट सिंगापूर किंवा क्वालालंपूरवरून असेल तर ते बदलून थेट भारताचं करावं लागू शकतं, हे अर्ज करतानाच विचारून घ्या. सोबत पोलीस रिपोर्टची मूळ प्रत, पासपोर्टची दोन्ही पानं, आधार किंवा दुसरं ओळखपत्र, परतीचं तिकीट आणि पांढऱ्या बॅकग्राउंडचे पासपोर्ट फोटो ठेवा. फी आणि फॉर्म एम्बसीच्या वेबसाइटवर त्या दिवशी बघा, ते बदलत असतात. किती वेळ लागेल हे तुमच्याकडे कॉपी आहे की नाही यावर बरंच ठरतं. काहीच पुरावा नसेल तर भारतात ज्या पासपोर्ट ऑफिसने पासपोर्ट दिला तिथून पडताळणी होते आणि त्यात दिवस जातात. काकांची कागदं पूर्ण होती, शुक्रवारी सकाळी सर्टिफिकेट हातात पडलं.

आणि इथेच बहुतेक लोक गाफील राहतात. सर्टिफिकेट मिळालं की सरळ एअरपोर्ट गाठायचा नाही. तुमचा थायलंडमध्ये शिरल्याचा शिक्का हरवलेल्या पासपोर्टवर होता, नव्या कागदावर तो नाही, म्हणजे तुम्ही देशात कायदेशीर कसे आलात हे त्या कागदावरून दिसत नाही. त्यासाठी इमिग्रेशन ऑफिसला जायचं, त्याला थाई लोक नुसतं ‘तॉ-मॉ’ म्हणतात, टॅक्सीवाल्यालाही तेवढं कळतं. बँकॉकचं मोठं ऑफिस चॅंग-वत्थना भागातल्या सरकारी संकुलात आहे, एम्बसीपासून बरंच लांब. तिथे ‘खॉ याय त्रा-प्रथप ख्रप’, शिक्का नव्या कागदावर घ्यायचाय. पोलीस रिपोर्ट, सर्टिफिकेट, एम्बसीचं पत्र आणि अरायव्हल कार्डची पावती पुढे ठेवली की ते कॉम्प्युटरवर तुमची एंट्री शोधतात. काका शुक्रवारी दुपारी तिथे पोचले, संध्याकाळी मोकळे झाले आणि रविवारच्या विमानाने घरी.

यात सगळा खेळ वारांचा आहे. एम्बसी आणि इमिग्रेशन दोन्ही शनिवार-रविवार बंद, शिवाय एम्बसी भारतीय सुट्ट्याही पाळते. पोलीस स्टेशन तेवढं कायम उघडं. काकांचा पासपोर्ट मंगळवारी गेला म्हणून जमलं, शुक्रवारी संध्याकाळी गेला असता आणि विमान रविवारचं असतं तर ते विमान चुकलंच असतं, म्हणून तशा वेळी पोलीस रिपोर्ट त्याच रात्री करा आणि तिकीट लगेच पुढे ढकला. राहण्याची मुदत मधल्या काळात संपली तर दिवसाला 500 बाट दंड लागतो, त्यामुळे मुदत जवळ आली असेल तर इमिग्रेशनला तेही आधीच सांगा.

निघण्याआधी तुम्ही करायचं ते एवढंच: सगळ्यांच्या पासपोर्टची पहिली आणि शेवटची पानं स्वतःच्या मेलवर आणि घरी थांबलेल्या कुणाकडे तरी, प्रत्येकाचे दोन फोटो बॅगेत, आणि थायलंडला उतरल्यावर शिक्का पडला की लगेच त्या पानाचा मोबाइलवर फोटो. आईबाबांचे पासपोर्ट फिरताना हॉटेलच्या तिजोरीत ठेवा आणि त्यांच्याजवळ झेरॉक्स द्या. त्यांच्या झेरॉक्सच्या मागे ‘फासपॉट हाय, खॉ चॅंग-ख्वाम’ आणि 1155 मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, चुकामूक झाली तरी ते स्वतः वाचून बोलू शकतील.

शेवटचं, पासपोर्ट नंतर सापडला तर. एम्बसीत अर्ज करण्याआधी सापडला तर चौकीत जाऊन सांगा आणि प्रवास करण्याआधी एम्बसीला फोन करून तोच वापरता येईल ना हे विचारा. पण अर्ज झाला की तो पासपोर्ट रद्द होतो. मग बोटवाल्याचा फोन आला, कुरियरने पासपोर्ट घरी पोचला, तरी त्यावर प्रवास करायचा नाही, भारतात नवीन पासपोर्टचा अर्ज हरवल्याच्या कारणानेच भरायचा आणि जुना सापडला असेल तर तो तिथे जमा करायचा.